पाचांपैकी तीन सह्या : फिरत्या ठरावाचा इतिहास

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे मंडळ चालते ते नोकरी-व्यवसाय सांभाळून. कार्यकारिणीतला कोणी दौऱ्यावर असतो, कोणाची दुसरी पाळी असते, कोणी सुट्टीत गावी गेलेला असतो. सभा बोलवावी तर गणपूर्ती होईल याची खात्री नसते आणि निर्णय मात्र दोन दिवसांत हवा असतो. अशा वेळी चिटणीस एक कागद तयार करतात, तो घरोघर फिरतो, सह्या होतात आणि काम मार्गी लागते. यालाच आपण फिरता ठराव किंवा सर्क्युलर ठराव म्हणतो. पुढच्या सभेत ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले की विषय संपला, अशी आपली समजूत असते.

परंतु वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी केलेल्या सह्या एकत्र जोडल्या म्हणजे तो मंडळाचा निर्णय होतो का? हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. सन २०२२ मध्ये तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयातील पाच ज्येष्ठ न्यायमूर्तींमध्येच उभा राहिला. तोही एखादा खटला म्हणून नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या सभेच्या कामकाजात. त्या प्रसंगात फिरत्या ठरावाचे सगळे मर्म आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

न्यायवृंदाचे पत्र

सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश नेमण्यासाठी नावांची शिफारस करणारे जे मंडळ आहे त्याला न्यायवृंद किंवा कॉलेजियम म्हणतात. सन १९९८ च्या निर्णयानंतर त्यात सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायाधीश असे पाच जण असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश होते उदय लळित, आणि त्यांच्यासोबत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, संजय किशन कौल, अब्दुल नझीर व के. एम. जोसेफ. पहिली दोन्ही नावे मराठी, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी त्या वेळच्या बातम्या आवर्जून वाचल्या असतील.

२६ सप्टेंबरला या पाचांची रीतसर सभा झाली. अकरा नावे विचारासाठी होती. त्यांपैकी मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश दीपांकर दत्ता यांच्या नावाचा ठराव त्याच दिवशी झाला. उरलेल्या दहा जणांची आणखी निकालपत्रे वाचायला मिळावीत अशी काही सदस्यांची मागणी होती, म्हणून सभा ३० सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलली गेली. ३० तारखेला दुपारी साडेचारची वेळ ठरली होती. न्यायमूर्ती चंद्रचूड त्या सभेला आले नाहीत. दसऱ्याच्या सुट्टीपूर्वीचा तो शेवटचा दिवस होता आणि त्यांच्या न्यायालयाचे कामकाज रात्री नऊनंतरपर्यंत चालले होते.

तेव्हा सरन्यायाधीशांनी त्याच दिवशी पत्र लिहून आपला प्रस्ताव सदस्यांकडे फिरता पाठवला. त्यात चार नावे असल्याचे वृत्तपत्रांत आले होते. न्यायमूर्ती कौल यांनी १ ऑक्टोबरला आणि न्यायमूर्ती जोसेफ यांनी ७ ऑक्टोबरला लेखी संमती कळवली. न्यायमूर्ती चंद्रचूड व नझीर यांनीही १ ऑक्टोबरलाच उत्तरे दिली, पण त्यांचा आक्षेप नावांना नव्हता. कागद फिरवून निवड करण्याच्या पद्धतीलाच त्यांचा आक्षेप होता. २ तारखेला सरन्यायाधीशांनी पुन्हा पत्र लिहून कारणे आणि पर्यायी सूचना मागवल्या. त्याला उत्तर आले नाही.

आता मोजणी करा. प्रस्ताव मांडणारे एक आणि संमती देणारे दोन, म्हणजे पाचांपैकी तीन. बहुमत झाले. नावांविरुद्ध एकही मत नाही. तरीसुद्धा हा ठराव मंजूर झाल्याचे कोणी म्हटले नाही. ९ ऑक्टोबरच्या निवेदनात न्यायवृंदाने सगळा घटनाक्रम तारखांसह जाहीर केला. हा विषय समोरासमोर बसून चर्चा करण्याजोगाच होता असे त्यात नमूद केले. परंतु दरम्यान, ७ ऑक्टोबरला, उत्तराधिकाऱ्याचे नाव मागणारे कायदामंत्र्यांचे पत्र आले होते, म्हणून ३० सप्टेंबरच्या सभेचे अपुरे काम तिथेच बंद करण्यात आले. त्या चार नावांपैकी तिघे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले, दोघे फेब्रुवारीत आणि एक मे महिन्यात, तेही नव्या शिफारशींवरून. चौथे नाव मागे राहिले.

तीन सह्या असून ठराव का झाला नाही? याचे उत्तर दीडशे वर्षे मागे जाऊन शोधावे लागते.

सह्या म्हणजे सभा नव्हे

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल भागात टेमार, किट हिल अँड कॅलिंग्टन नावाची एक रेल्वे कंपनी होती. तिच्या सेक्रेटरीने एका कर्जरोख्यावर कंपनीचा शिक्का मारला. त्यासाठी संचालकांची सभा झालीच नव्हती. सेक्रेटरीने संचालकांना वेगवेगळे गाठून त्यांच्या संमत्या गोळा केल्या होत्या. संख्या गणपूर्तीएवढी भरत होती. पुढे त्या रोख्याच्या पैशांसाठी डार्सी याने दावा लावला, तेव्हा १८६७ साली न्यायालयाने सांगितले की हा रोखा कंपनीवर बंधनकारक नाही. संचालकांना अधिकार दिलेला आहे तो मंडळ म्हणून एकत्र बसून निर्णय घेण्याचा. एकेकट्याची संमती कितीही जणांकडून मिळवली तरी तिची बेरीज मंडळाच्या निर्णयाएवढी होत नाही.

यामागचे कारण व्यवहारातले आहे. एकट्याने कागद वाचणारा माणूस जे विचारतो आणि चौघांत बसल्यावर जे विचारतो, त्यात फरक असतो. सभेत एकाने शंका काढली की दुसऱ्याला आठवते, तिसरा हिशेब मागतो आणि आधी ‘हो’ म्हणणारा आपले मत बदलतो. फिरत्या कागदावर पहिल्या सही करणाऱ्याला पाचव्याची शंका कधी कळतच नाही.

म्हणून मूळ नियम असा की सह्या म्हणजे सभा नव्हे. फिरता ठराव हा या नियमाचा अपवाद आहे, आणि अपवाद कोणीतरी स्पष्ट शब्दांत द्यावा लागतो. इंग्लंडच्या १९४८ च्या कंपनी कायद्यातील नमुना नियमांत तो दिला होता, पण अट कडक होती. सभेची नोटीस मिळण्यास पात्र असलेल्या सर्वच्या सर्व संचालकांची सही हवी. एकाचीही सही राहिली तर ठराव झाला नाही. सगळ्यांनी सही केली याचाच अर्थ कोणाला चर्चा नको होती.

आपल्याकडे १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम २८९ ने वेगळा मार्ग घेतला. सर्वांची सही नको, बहुमत पुरे. मात्र ठरावाचा मसुदा आणि लागणारी कागदपत्रे सर्व संचालकांकडे गेलीच पाहिजेत. मान्यता बहुमताची, पण माहिती सर्वांना, असा हा तोल होता. त्यात एक उणीव राहिली. ज्याला विषयावर बोलायचे आहे, पण जो अल्पमतात आहे, त्याने काय करावे? त्याच्या हातात ‘अमान्य’ लिहिण्यापलीकडे काही नव्हते.

ती उणीव २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७५ ने भरून काढली. एकूण संचालकांपैकी एक तृतीयांश किंवा अधिक जणांनी ‘हा विषय सभेत घ्या’ असे म्हटले, की अध्यक्षांना तो सभेपुढे ठेवावाच लागतो. मग बाजूने कितीही सह्या असोत. न्यायवृंद ही काही कंपनी नव्हे, त्यामुळे हे कलम तिथे लागू नव्हते. पण हीच फूटपट्टी लावून पाहिली तर पाचांपैकी दोघांनी पद्धतीला हरकत घेतली होती. ते प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त भरते, आणि उत्तर तेच येते : कागद बाजूला ठेवा, सभा घ्या.

थोडक्यात, फिरत्या ठरावावर सही करणारा दोन गोष्टींना संमती देतो. एक म्हणजे कागदावरच्या विषयाला, आणि दुसरी म्हणजे तो विषय न बोलता निकालात काढायला. दुसरी संमती नसेल तर पहिलीची मोजणी करून उपयोग नाही.

कागद कसा असावा

आता हे आपल्या मंडळाच्या पातळीवर आणू. एक गोष्ट आधी पाहावी लागते. १८६० च्या मूळ सोसायटी नोंदणी कायद्यात कार्यकारिणीच्या फिरत्या ठरावाबद्दल काहीही लिहिलेले नाही. निरनिराळ्या राज्यांचे स्वतःचे कायदेही आहेत. म्हणून आपल्या मंडळाच्या नियमावलीत असा ठराव करण्याची मुभा आहे का, हे प्रथम तपासावे. समजा, एका मंडळाने ती मुभा कंपनी कायद्याच्या धर्तीवर, एक तृतीयांशाच्या अटीसह घेतलेली आहे. कार्यकारिणी अकरा जणांची. उत्सवासाठी ठरवलेल्या सभागृहाचे मालक चाळीस हजार रुपये आगाऊ मागत आहेत. ८ तारखेच्या रात्रीपर्यंत पैसे न दिल्यास ते सभागृह दुसऱ्याला देणार. सभा तीन आठवड्यांनी आहे.

चिटणिसांनी ५ तारखेला काढलेला कागद साधारण असा असेल :

“फिरता ठराव क्रमांक ३. पाठवल्याची तारीख ५. उत्तराची अंतिम तारीख ८, रात्री आठपर्यंत.
टिपण : सभागृहाचे एकूण भाडे, मागितलेली आगाऊ रक्कम, रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम आणि पाहिलेल्या दुसऱ्या जागेचे भाडे. सोबत मालकांच्या पत्राची प्रत.
हितसंबंध : कार्यकारिणीतील एक सदस्य सभागृहमालकांचे नातेवाईक आहेत. ते मत देणार नाहीत.
ठराव : उत्सवासाठी सदर सभागृह घेण्यासाठी रुपये ४०,००० आगाऊ देण्यास व करारावर सही करण्यास चिटणीस व खजिनदार यांना अधिकार देण्यात येत आहे.
मान्य / अमान्य / सभेत चर्चा व्हावी. नाव, पद, सही, सहीची तारीख.”

यातला तिसरा पर्याय, ‘सभेत चर्चा व्हावी’, बहुतेक मंडळांच्या कागदावर नसतोच. तो छापलेला नसेल तर माणूस मनात नसताना ‘मान्य’ लिहितो किंवा कागद टेबलावर पडू देतो. आणि ठरावाचे शब्द व सह्या एकाच पानावर हव्यात. नुसत्या सह्यांचे वेगळे पान असेल तर ते कोणत्याही ठरावाला जोडता येते. सदस्य दूर असतील तर एकाच मसुद्याच्या वेगवेगळ्या प्रतींवर सह्या घ्याव्यात, पण अक्षर न् अक्षर तेच असावे. दोघांच्या सह्या झाल्यावर कोणी रक्कम खोडून बदलली, तर त्या दोघांनी वेगळ्याच ठरावाला संमती दिलेली असते. मग नवा क्रमांक देऊन पहिल्यापासून फिरवणे हाच मार्ग.

सहीपुढची तारीख ही सजावट नव्हे. ठराव नेमका कधी मंजूर झाला ते तिच्यावरून ठरते. कंपन्यांसाठी कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेने जे सचिवीय मानक २०१५ पासून लागू केले, त्यात याची उत्तम रीत सांगितली आहे. उत्तरासाठी जास्तीत जास्त सात दिवस द्यावेत. कोणी तारीख घातली नाही तर कागद परत पोचल्याचा दिवस धरावा. मुदतीत उत्तर न देणारा तटस्थ समजावा. बहुमत मिळाले तरी घाई करू नये. उत्तर न आलेले आणि सभा मागणारे मिळून एकूण संख्येच्या एक तृतीयांशाहून कमी उरले, तरच मुदतीआधी ठराव झाला असे धरावे.

आपल्या उदाहरणात हे लावून पाहा. नातेवाईक सदस्य सोडून मत देणारे दहा, म्हणजे बहुमताला सहा हवेत. ६ तारखेच्या संध्याकाळी सहा ‘मान्य’ आले आणि एकाने ‘सभेत चर्चा व्हावी’ लिहिले. तिघांचे उत्तर बाकी होते. खजिनदार म्हणतील, सहा झाले, पैसे देऊन टाकू. पण बाकी तीन आणि सभा मागणारा एक मिळून चार होतात. अकराचा एक तृतीयांश पावणेचारच्या आत येतो. म्हणजे ते तिघेही उद्या ‘सभा घ्या’ म्हणाले तर विषय सभेतच न्यावा लागेल. ६ तारखेला ठराव झालेला नाही. ७ तारखेला सातवे ‘मान्य’ आले. आता बाकी दोन आणि सभा मागणारा एक, म्हणजे तीनच. ठराव ७ तारखेला मंजूर झाला. ८ ला एक ‘अमान्य’ आले आणि एकाचे उत्तर आलेच नाही, तरी निकालात फरक पडत नाही. पैसे ७ किंवा ८ तारखेला दिले तर अधिकाराने दिले. ६ लाच दिले असते तर अधिकार नसताना दिले असे झाले असते.

पुढच्या सभेत नेमके काय करायचे

पुढच्या सभेत तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे म्हणजे ते बरोबर लिहिले आहे एवढेच मान्य करणे. फिरत्या ठरावाची नोंद घेणे ही दुसरी गोष्ट, आणि कार्योत्तर मंजुरी ही तिसरी.

नियमावलीत मुभा असेल आणि ठराव रीतसर झाला असेल, तर तो ७ तारखेलाच जन्माला आला आहे. सभेने त्याची फक्त नोंद घ्यायची. इतिवृत्तात असे लिहावे : “फिरता ठराव क्रमांक ३ दिनांक ७ रोजी मंजूर झाला. मान्य सात, अमान्य एक, सभेची मागणी एक, उत्तर नाही एक, हितसंबंधामुळे मत न दिलेले एक. ठरावाचा मजकूर पुढीलप्रमाणे. सभेने नोंद घेतली.” पूर्ण मजकूर आणि विरोधाची नोंद दोन्ही हवीत. इथे ‘सर्वानुमते’ लिहिणे खोटे ठरेल. नोंद घेताना कोणी नाराजी दाखवली तरी दिलेले चाळीस हजार बेकायदा होत नाहीत. सभा पुढील काळासाठी वेगळा निर्णय घेऊ शकते, झालेला निर्णय पुसू शकत नाही.

नियमावलीत मुभाच नसेल तर मात्र गोष्ट उलटी आहे. मग त्या सह्या म्हणजे डार्सीच्या खटल्यातल्या संमत्या. चिटणिसांनी जे केले ते अधिकार नसताना मंडळाच्या वतीने केले, आणि त्याला जीव येतो तो पुढच्या सभेच्या मंजुरीनेच. अशी मंजुरी देता येते का? येते. डिसेंबर १९५३ मध्ये एका कंपनीच्या संचालक मंडळाने आपल्या जनरल मॅनेजरला कामावरून कमी केले. एका संचालकाला सभेची नोटीसच गेली नव्हती, म्हणून ती सभा सदोष होती. त्याच महिन्यात पुढच्या रीतसर सभेने ती कारवाई कायम केली. परमेश्वरी प्रसाद गुप्ता यांचा हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७३ मध्ये न्यायालयाने सांगितले की नंतरची रीतसर सभा अशा कृतीला मंजुरी देऊ शकते, आणि ती मंजुरी मूळ कृतीच्या तारखेपासून लागू होते.

पण तिला मर्यादा आहेत. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १९८ सांगते की महत्त्वाची वस्तुस्थिती माहीत नसताना दिलेली मंजुरी वैध नाही. सभागृहमालक एका सदस्याचे नातेवाईक आहेत हे सभेला सांगितले नसेल, तर हात वर करून मिळालेली मंजुरी पोकळ आहे. म्हणून इतिवृत्तात “सर्व कागदपत्रे सभेपुढे ठेवण्यात आली व माहिती घेऊन सभेने चिटणिसांच्या कृतीस कार्योत्तर मंजुरी दिली” असे स्पष्ट लिहावे, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह. आणि सभा नकारही देऊ शकते, हे चिटणिसांनी विसरू नये. तसे झाले तर ते चाळीस हजार मंडळाचे न राहता सही करणाऱ्याच्या गळ्यात पडू शकतात.

काही विषय मात्र कागदावर फिरवूच नयेत. कर्ज काढणे, पैसे गुंतवणे, वार्षिक हिशेब मंजूर करणे हे निर्णय कंपनीच्या संचालकांनीही सभेतच घ्यावेत असे कायद्याने सांगितले आहे. एखाद्या सभासदाला काढून टाकण्यासारखा विषय तर त्याचे म्हणणे समोर बसून ऐकल्याशिवाय सुटतच नाही.

जुनी ठरावाची फाइल चाळताना दोष ओळखणे अवघड नसते. अकरा सह्या, एकच शाई, एकच तारीख. किंवा तारीखच नाही. सह्यांच्या पानावर ठरावाचा मजकूर नाही. आणि नेहमी प्रश्न विचारणाऱ्या एका सदस्याचे नाव यादीतच नाही. बाकीचे तपशील विसरले तरी हे शेवटचे तेवढे आधी पाहावे. ज्याच्याकडे कागद नेलाच नाही, त्याच्याकडे बहुधा एक प्रश्न होता, आणि सभा असते ती त्या प्रश्नासाठीच.